गाठ साधी आहे, म्हणून सोडून द्यायची का?

विहारात आरोग्य शिबिर घेतले की महिला मंडळातील एखादी ताई सोनोग्राफीचा कागद हळूच आमच्या हातात देते आणि विचारते, "ही गाठ कॅन्सरची तर नाही ना?" कॅन्सरची नाही असे कळले की ती कागद घडी करून पिशवीत ठेवते. तिच्यासाठी विषय तिथेच संपतो. खरे तर पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आधी फरक समजून घेऊ. साध्या गाठीतील पेशी ज्या अवयवातून आल्या त्याच्या पेशींसारख्याच दिसतात. त्या बहुधा सावकाश वाढतात आणि शेजारच्या भागाला बाजूला ढकलतात, पण त्यात घुसत नाहीत. कॅन्सरच्या पेशी शेजारच्या भागात शिरतात आणि रक्तातून किंवा लसिकेतून फुप्फुस, यकृत, हाडे अशा दूरच्या ठिकाणी जाऊन तिथे नवी गाठ तयार करतात. दुखते की नाही यावरून हा फरक ठरत नाही. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला की खात्री होते.

म्हणजे 'साधी' या शब्दाचा अर्थ 'पसरत नाही' एवढाच आहे, 'त्रास देत नाही' असा नाही. गर्भाशयातील फायब्रॉइडवरून हे नीट कळते. गर्भाशयाच्या स्नायूत होणारी ही गाठ बायकांमध्ये खूप आढळते आणि तिचा कॅन्सर होणे अतिशय दुर्मीळ आहे. बाहेरच्या बाजूला वाढलेली गाठ मोठी असूनही कित्येकदा कळत नाही, फार तर लघवीच्या पिशवीवर दाब देते. मात्र आतल्या पोकळीत वाढलेली गाठ दोन-तीन सेंटीमीटरची असली तरी पाळीत खूप रक्त जाते. आकारापेक्षा जागा महत्त्वाची असते ती अशी.

आमच्या वस्तीतील एक ताई, वय एकेचाळीस. पाळी नऊ-नऊ दिवस चालायची, रक्ताच्या गुठळ्या पडायच्या. दोन वर्षांपूर्वी तिला "गाठ साधी आहे" असे सांगितले गेले आणि तिने अंगावर काढले. पुढे जिना चढताना धाप लागू लागली. हिमोग्लोबिन तपासले तर ७.२ निघाले. बाईचे ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितले, "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल."

आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेले. तिथे आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला. त्यात कॅन्सर नव्हता. मग रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि शिरेतून लोह दिले. हिमोग्लोबिन वाढल्यावर योनिमार्गातून दुर्बीण घालून पोकळीतील तीन सेंटीमीटरची गाठ काढली. पोटावर टाका नाही, पिशवीही शाबूत. काढलेली गाठ तपासणीला पाठवली, तीही साधीच निघाली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले.

या ताईच्या बाबतीत दोन्ही सल्ले चुकले. पहिल्याने साधी म्हणून दुर्लक्ष केले, दुसऱ्याने साध्या गाठीला कॅन्सरची भीती जोडली. ही भीती किती महाग पडते हे बीडच्या ऊसतोड महिलांनी दाखवून दिले आहे. तिथे तरुण वयातच गर्भाशये काढल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कमी वयात पिशवी काढली की पाळी जाण्याच्या वेळचे त्रास लवकर सुरू होऊ शकतात. सोबत अंडाशयेही काढली तर हाडे लवकर ठिसूळ होतात. पिशवी काढणे हा काही जणींसाठी योग्य उपचार असतोच, पण तो पहिला पर्याय नसतो.

त्रास न देणाऱ्या फायब्रॉइडवर फक्त लक्ष ठेवले तरी चालते. पाळी गेल्यावर तो बहुधा आक्रसतो. उलट पाळी बंद झाल्यावर गाठ वाढू लागली किंवा अंगावरून पुन्हा जाऊ लागले, तर कॅन्सरची शंका धरून लगेच तपासणी करावी लागते.

इतर अवयवांतही अशा साध्या गाठी असतात. मेंदूच्या आवरणाची गाठ साधी असली तरी कवटीत जागा नसल्याने मेंदू दाबते. मोठ्या आतड्यातील काही कोंब आज साधे असतात, पण काही वर्षांत त्यांचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून ते आधीच काढतात.

तेव्हा शिबिरात कागद हातात आला की कार्यकर्त्यांनी "कॅन्सर आहे का?" एवढ्यावर थांबू नये. गाठ नेमकी कुठे आहे, पाळी किती दिवस चालते, हिमोग्लोबिन किती आहे हे विचारावे. कोणी पिशवी काढायला सांगितली असेल तर कारण लेखी मागावे आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. ताईंसोबत रुग्णालयात आपल्यापैकी एकीने जावे, कारण एकटी बाई हे प्रश्न विचारायला बिचकते.

जय भीम.