नारळात नसलेलं दूध

नारळ फोडला की आतून निघतं ते पाणी. दूध असं त्यात कुठेच भरलेलं नसतं, ते ओल्या खोबऱ्यातून घडवावं लागतं. पिकलेल्या नारळाच्या खोबऱ्यात वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पाणी आणि सुमारे एक तृतीयांश भाग तेल असतो. उरलेल्यात चोथा, थोडी साखर आणि थोडी प्रथिनं. तेल आणि पाणी एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. पण खोबरं खवून, वाटून पेशी फुटल्या की तेलाचे बारीक थेंब बाहेर पडतात, खोबऱ्यातली प्रथिनं त्या थेंबांभोवती चिकटतात आणि ते पाण्यात तरंगत राहतात. या थेंबांवर उजेड विखुरतो, म्हणून हा द्रव पांढरा दिसतो. गाईच्या दुधाचा पांढरेपणाही बराचसा असाच येतो.

नवी मुंबईत हे दूध अनेक घरांत अनेक कारणांनी निघतं. बेलापूर-दिवाळ्याच्या कोळीवाड्यात, नेरूळच्या मालवणी घरात, वाशीच्या मल्याळी शेजारणीकडे. पनवेल जवळच असल्यामुळे कडव्या वालांचं बिरडंही आलंच, आणि सीकेपी घरांत त्यात नारळाचं दूध पडतंच. बाजारातला नारळ बहुतेक वेळा दक्षिणेकडून ट्रकने आलेला असतो. देशातल्या नारळाचा फार मोठा वाटा केरळ, तमिळनाडू, कर्नाटक आणि आंध्र या चार राज्यांतून येतो. घेताना हातात हलवून पाहावा. पाणी खळखळलं पाहिजे, डोळे कोरडे हवेत. डोळ्यांपाशी बुरशी किंवा ओल दिसली तर दुधालाही खवट वास येणार.

आता प्रमाण. मध्यम नारळाचा चव सुमारे 250 ग्रॅम भरतो, म्हणजे मोजायच्या कपाने सैल भरलेले तीन कप. विळीच्या खवणीवर खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ येऊ देऊ नये. ती आली तर दूध करडं होतं आणि किंचित कडसर लागतं. या चवात 125 मिली, म्हणजे जेमतेम अर्धा कप कोमट पाणी घालून मिक्सरमधून थांबत थांबत फिरवायचं. सलग फिरवत राहिलं तर भांडं तापतं आणि तेल सुटू लागतं. मग मलमलच्या फडक्यात घालून घट्ट पिळायचं. सुमारे 190 मिली दाट दूध येतं. कोकणात याला अंगरस म्हणतात.

घातलं 125 आणि मिळालं 190! वरचं 65 मिली नारळाने आपल्या पदरचं दिलेलं असतं, त्याच्या ओलीतलं पाणी आणि तेल. आता तोच चोथा परत भांड्यात घालून 250 मिली पाणी ओतायचं, फिरवायचं, पिळायचं. या खेपेला जवळजवळ 250 मिलीच पातळ दूध मिळतं, कारण पिळलेला चोथा पहिल्याइतकाच ओला राहतो आणि देण्यासारखं स्वतःचं पाणी त्याच्याकडे उरत नाही. दुसऱ्या खेपेला घालाल तेवढं मिळेल, हे लक्षात ठेवलं तर दुधाची मापं पाठ करावी लागत नाहीत. तिसरी खेपही काढता येते, पण ते पाणीच जास्त असतं. भात शिजवायला ठीक.

दाट आणि पातळ यांत फरक तेलाचा. 250 ग्रॅम चवात साधारण 80 ग्रॅम तेल असतं. त्यातलं अंदाजे निम्मं पहिल्या पिळण्यात उतरतं, म्हणजे दाट दुधात सुमारे 20 टक्के. दुसऱ्या दुधात ते पाच-सहा टक्क्यांवर येतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात डबाबंद नारळाच्या दुधाला किमान 10 टक्के तेल लागतं, 20 टक्के असलं तर ती नारळाची साय, आणि पाच टक्क्यांवर हलकं दूध. म्हणजे आपला अंगरस खरं तर साय आहे, आणि दोन्ही पिळणी एकत्र केली की डब्यावरचं ‘दूध’ होतं.

पाणी कोमट का? खोबऱ्याचं तेल 24-25 अंशांच्या खाली थिजतं. मे महिन्यात नळाचं पाणीही चालतं. पण जानेवारीच्या सकाळी नवी मुंबईत पारा विशीखाली गेलेला असतो, आणि फ्रिजमधून काढलेला नारळ तर त्याहून थंड. अशा वेळी तेल चोथ्यालाच धरून बसतं आणि दूध पाणचट येतं. बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट पाणी पुरे. उकळतं नको, कारण त्यात प्रथिनं गोठतात आणि थेंबांना धरून ठेवणारं काही उरत नाही. पाण्यात चिमूटभर मीठ घातलं तर बरं, कारण नारळातली बरीचशी प्रथिनं मिठाच्या पाण्यात अधिक विरघळतात.

याच प्रथिनांमुळे बिरड्यात दोन दुधांचा क्रम ठरतो. सोललेले वाल फोडणीत परतून पातळ दुधात शिजवायचे. या दुधात तेल कमी असल्यामुळे ते थोडं फुटलं तरी रश्श्यात कळत नाही. वाल बोटाने दबला की आच मंद करून दाट दूध घालायचं, ढवळायचं आणि कडेला पहिले बुडबुडे दिसताच गॅस बंद. प्रथिनं 80 अंशांच्या आसपास गोठू लागतात. खदखदू दिलं तर वर तेलाचे डोळे आणि खाली पांढरे कण दिसतात. मग कितीही ढवळा, ते परत एकजीव होत नाही. काही थाई पाककृतींत मात्र दाट दूध मुद्दाम फोडून सुटलेल्या तेलात मसाला परततात. तेव्हा फुटणं हा दोष आहे की नाही, ते काय रांधतोय त्यावर अवलंबून.

सोलकढीची गोष्ट वेगळी. तिला आच लागतच नाही, तिथे दुधाला फोडतो तो आंबटपणा. दोन्ही दुधं एकत्र केली की 440 मिली होतात, चौघांना पुरेशी. आठ-दहा आमसुलं अर्ध्या कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून, गाळून ते पाणी थंड होऊ द्यायचं. मग ते थोडं थोडं दुधात घालत ढवळायचं, मीठ आणि वाटलेली लसूण-मिरची घालायची. सगळं आंबट एकदम ओतलं तर प्रथिनं गुठळ्या धरतात आणि पेल्याच्या कडेला रवाळ थर दिसतो. हळूहळू घातलं तरी कढी तास-दोन तासांत वर साय आणि खाली गुलाबी पाणी अशी थरांत विभागतेच. तो बिघाड नव्हे, चमच्याने हलवली की झालं. वासाने आंबूस आणि फेसाळ झालेली मात्र टाकून द्यावी. पावसाळ्याच्या दमट हवेत बाहेर ठेवलेलं दूध काही तासांतच त्या वाटेला लागतं.

राहिला चोथा. त्यात अजून पंचवीसेक ग्रॅम तेल असतं, पण गोडी गेलेली असते. त्यामुळे तो पोह्यांवर भुरभुरला तर भुसा लागतो. मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजून लसूण, मीठ आणि लाल तिखटाबरोबर कुटला, तर चटणी आठवडाभर टिकते.