डेंगीचा सीबीसी : प्लेटलेटच्या वरची ओळही वाचा

डेंगीच्या दिवसांत सीबीसीचा कागद हातात आला की घरचे लोक थेट प्लेटलेटचा आकडा शोधतात. आज त्याच कागदावरची दुसरी एक ओळ पाहू. तिथे पीसीव्ही, एचसीटी किंवा हिमॅटोक्रिट असं लिहिलेलं असतं. रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के आहे, हे ती सांगते.

डेंगीत रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपू शकतो. पेशी मात्र आतच राहतात, म्हणून रक्त दाट होतं आणि पीसीव्ही वाढतो. धोका असा की हे बहुधा ताप उतरताना घडतं आणि घरच्यांना वाटतं, पेशंट बरा झाला.

एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या दिवशी ताप १०२, पीसीव्ही ३९, प्लेटलेट १ लाख १० हजार. पाचव्या दिवशी सकाळी ताप नाही, पण पीसीव्ही ४७ आणि प्लेटलेट ६२ हजार. हिशेब करा : वाढ ८, भागिले ३९, म्हणजे साधारण २० टक्के. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के वाढ म्हणजे द्रव झिरपतोय. ४७ हा आकडा पुरुषाच्या रिपोर्टमध्ये 'नॉर्मल'ही छापलेला असेल. म्हणूनच पहिला रिपोर्ट जपून ठेवायचा आणि नवा त्याच्या शेजारी ठेवून वाचायचा.

आता पेशंटकडे पाहा. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडलेत, लघवी कमी झालीय? बीपी १००/८२ असेल तर वरचा आकडा ठीक वाटतो, पण दोन्हींतलं अंतर १८ च आहे. ते २० किंवा कमी झालं, तर शॉक सुरू झाला असं समजावं. नर्सने लगेच डॉक्टरांना बोलवावं. पेशंट घरी असेल तर तासभरही न थांबता रुग्णालय गाठावं. अशा वेळी मुख्य उपचार म्हणजे मोजून दिलेलं सलाईन. रक्तस्राव नसेल तर ६२ हजारांवर प्लेटलेट चढवायची गरज सहसा नसते.

दुसऱ्या दिवशी पीसीव्ही ४० वर आला, तर त्याचे दोन अर्थ निघतात. नाडी शांत, लघवी भरपूर, भूक लागलेली असेल तर पेशंट सावरतोय. पण नाडी धावतेय, बीपी घसरतंय, शौच काळी होतेय, तर आत रक्त जातंय. आकडा एकच असला तरी दुसऱ्या पेशंटला तातडीने रक्त लागू शकतं.

आणि ताप किंवा अंगदुखीसाठी ब्रुफेन, ॲस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं.