सरासरी ३२ हजार, पण पगार कोणाचा?

भोसरीच्या एमआयडीसीत असते तशी एक छोटी फॅब्रिकेशन कंपनी समजा. पगारपत्रकावर अकरा नावं. चार हेल्पर, प्रत्येकाला महिना १४,००० रुपये. स्टोअरकीपरला १८,०००. दोन वेल्डर, एकाला २०,००० आणि जुन्याला २२,०००. फिटरला २५,०००, अकाउंटंटला २८,००० आणि सुपरवायझरला ३६,०००. शेवटचं नाव मालकांचं. संचालक म्हणून तेही दरमहा १,४७,००० रुपये पगार घेतात.

बेरीज ३,५२,००० होते. अकरांनी भागलं की ३२,०००. शाळेच्या पुस्तकात याला मध्य म्हणतात, आपण सरासरी म्हणतो. उद्या नोकरीच्या जाहिरातीत ‘आमच्याकडे सरासरी पगार ३२ हजार’ असं छापलं, तर ते खोटं ठरणार नाही. फक्त ३२,००० रुपये घेणारा माणूस त्या कंपनीत नाही. अकरापैकी नऊ जणांचा पगार त्याहून कमीच आहे.

मग हा आकडा सांगतो काय? तो कंपनीच्या तिजोरीचा आकडा आहे. सगळा पगार एकत्र करून सारखा वाटला असता तर एकेकाच्या वाट्याला किती आलं असतं, एवढंच तो सांगतो. मालकांना त्याचा उपयोग होतो, कारण सरासरीला अकरांनी गुणलं की महिन्याचा एकूण पगारखर्च बरोबर हाती येतो. बाकीच्या दोन आकड्यांना ते जमत नाही. पण तिजोरीचा आकडा असल्यामुळेच तो एका मोठ्या पगाराने सहज ओढला जातो. मालकांनी स्वतःचा पगार १,१०,००० रुपयांनी वाढवला, तर सरासरी थेट ४२,००० होईल. बाकी दहा जणांना मात्र एक रुपयाही वाढलेला नसेल. उलट त्यांचं नाव यादीतून काढलं, तर मूळ सरासरी २०,५०० वर येते. म्हणून सरासरी कळली की पहिली चौकशी यादीत कोणाकोणाला धरलंय याची करावी.

आता हेच पगार चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधल्या, म्हणजे सहाव्या माणसापाशी थांबा. तो वीस हजारवाला वेल्डर. २०,००० हा मध्यक: पाच जण त्याच्या खाली, पाच वर. नावं दहा असती तर मधल्या दोघांच्या पगारांची सरासरी घ्यावी लागली असती. मालकांनी पगार कितीही वाढवला तरी मध्यक जागचा हलत नाही, कारण तो रक्कम पाहत नाही, फक्त क्रम पाहतो. देशातल्या शिक्षणसंस्थांची क्रमवारी लावणाऱ्या ‘एनआयआरएफ’मध्येही नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांच्या पगाराचा मध्यकच मागतात. नाहीतर परदेशातल्या कंपनीत गेलेला एखादाच विद्यार्थी अख्ख्या बॅचचं ‘पॅकेज’ फुगवू शकतो.

मध्यक यामुळे प्रामाणिक वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही. पण तो तळाकडेही तितकंच दुर्लक्ष करतो. चारही हेल्परांचा पगार १६,००० केला, तर त्यांच्या घरखर्चात केवढा फरक पडेल! मध्यक मात्र २०,०००च राहील.

हेल्परांची बाजू दिसते ती बहुलकात. यादीत सर्वांत जास्त वेळा आलेला पगार म्हणजे बहुलक, इथे १४,०००. हा खरोखर कोणाच्या तरी हातात पडणारा आकडा असतो, आणि छोट्या कंपनीत बहुधा ज्या कामाला सर्वांत जास्त माणसं लागतात त्याचा दर असतो. मात्र तिन्हींत हाच सर्वांत नाजूक. दोन हेल्परांना पाचशे रुपये वाढवले की १४,००० आणि १४,५०० असे दोन बहुलक होतात. हातात आलेला पगार धरला, तर ओव्हरटाइम आणि खाडे यांमुळे कोणाचेच दोन आकडे जुळत नाहीत आणि बहुलक उरतच नाही. तो काढायचा तर ठरलेला मासिक दर घ्यावा, किंवा पगारांचे दोन-दोन हजारांचे गट पाडावेत.

अमेरिकी लेखक डॅरेल हफ यांनी १९५४ साली ‘हाउ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ या पुस्तकात पंचवीस जणांच्या कंपनीचं असंच उदाहरण घेतलं होतं. तिथे सरासरी ५,७०० डॉलर, मध्यक ३,००० आणि बहुलक २,०००. आपल्या यादीतही उतरण त्याच क्रमाने आहे: ३२, २०, १४ हजार. खाली बरेच आणि वर एखाद-दुसराच असला की आकडे बहुधा असेच सुटे होतात. म्हणून सरासरी मध्यकाच्या खूप वर दिसली, तर वरच्या टोकाला कोणीतरी बसलंय असं खुशाल समजावं.

फिटरच्या जागेसाठी मुलाखतीला आलेल्या मुलाला मात्र या तिन्हींचा फारसा उपयोग नाही. त्याने सरळ फिटरचा पगार विचारावा.