गाठ ओळखायची, तर आधी रक्त

समजा, ४२ वर्षांची एक बाई. वर्षभरात चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र काटक्या. पोटावर जांभळे रुंद वळ. जिना चढताना मांड्यांत बळ नाही. बीपी आणि शुगर दोन्ही वाढलेली. डॉक्टरांना संशय कॉर्टिसोल या हार्मोनचा. पण पहिला प्रश्न ते विचारतात तो गोळ्यांचा आणि मलमांचा, कारण दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडनेही माणूस असाच दिसू लागतो. बाईंनी तसलं काही घेतलेलं नाही.

मग रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम गोळी आणि सकाळी आठला रक्त. हे कृत्रिम स्टेरॉइड पोटात गेलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी समजते, ‘कॉर्टिसोल भरपूर आहे’, आणि गप्प बसते. निरोगी माणसात कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली येतं. बाईंचं निघालं १४. लघवीच्या तपासणीनेही तेच सांगितलं.

आता दोषी कोण? पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडून मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींना कामाला लावते. गाठ पिट्युटरीत असती, तर एसीटीएच वाढलेलं किंवा निदान नेहमीइतकं तरी मिळालं असतं, आणि पुढे मेंदूचा एमआरआय. बाईंचं एसीटीएच जवळजवळ शून्य. म्हणजे पिट्युटरी गप्पच आहे, ॲड्रिनल तिला न विचारता कॉर्टिसोल ओततेय. हा क्रम उलटवून आधी एमआरआय काढला की फसगत होते. हार्मोन न बनवणारी बारीक गाठ पुष्कळ धडधाकट माणसांच्या पिट्युटरीतही सापडते.

सीटीत डाव्या ॲड्रिनलवर २.८ सेंटिमीटरची गाठ दिसली. कॅन्सर? इथे घनता बोलते. हाउन्सफिल्ड मापात पाणी शून्य, चरबी उणे. ॲडिनोमा या साध्या गाठीत बहुधा चरबी भरलेली असते, म्हणून आकडा १० किंवा त्याखाली राहतो. बाईंचा ६, गाठ एकसारखी. ती ७ सेंटिमीटरची, ओबडधोबड आणि ३५ आकड्याची असती, तर संशय बळावला असता. रक्तातलं डीएचईएएसही कमी होतं. एसीटीएच नसल्यामुळे निरोगी ग्रंथी झोपली की ते घटतं. ॲड्रिनलच्या कॅन्सरमध्ये मात्र ते बरेचदा वाढतं, स्त्रीला दाढीमिशा फुटू लागतात.

सुई घालून तुकडा का काढत नाहीत? त्या तुकड्यावरून ॲडिनोमा आणि ॲड्रिनलचा कॅन्सर यांत फरक करणं अवघड असतं. शिवाय गाठ फिओक्रोमोसायटोमा निघाली, तर सुईच्या धक्क्याने बीपी जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. म्हणून मेटानेफ्रिनची तपासणी आधी. पिट्युटरीचा न्याय तर निराळाच: तिथली गाठ शेजारी घुसली तरी कॅन्सर म्हणत नाहीत, दूर पसरली तरच म्हणतात. तसं क्वचितच घडतं.

बाईंची गाठ दुर्बिणीने काढली. त्यानंतर कित्येक महिने हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या: उजवी ॲड्रिनल अजून झोपेतच होती.