मांजराची लाळ कधी गळते?

मांडीवर बसलेलं मांजर डोळे अर्धे मिटून घुरघुरतं, पुढच्या पंजांनी कणीक मळल्यासारखं साडी दाबत राहतं आणि हनुवटीवरून लाळेचा एखादा थेंब टपकतो. पिल्लू दूध पिताना आईचं पोट असंच दाबतं, म्हणजे पान्हा फुटतो. ती सवय काही मांजरांना मोठेपणीही राहते. ही लाळ पाण्यासारखी स्वच्छ असते, तिला वास नसतो आणि मांजर उठून गेलं की ती थांबते. लहानपणापासून असं होत असेल तर काळजीचं काही नाही.

सात-आठ वर्षांत कधीच लाळ न गाळलेल्या मांजराची हनुवटी अचानक ओली राहू लागली, तर मात्र त्याचं जेवण नीट बघा. भूक असते म्हणून ते ताटलीकडे धावतं, एक दाणा उचलतं, मान वाकडी करून एकाच बाजूने चावतं आणि दाणा खाली टाकतं. कधी ताटलीवरच फिस्कारून मागे सरतं. तोंडाला घाण वास येतो, लाळेत रक्ताची रेघ दिसते. मांजरांमध्ये एक दुखणं बरंच आढळतं. त्यात शरीरातल्याच पेशी दात पोखरत जातात. बरंचसं नुकसान हिरडीखाली असतं, म्हणून भूल देऊन एक्स-रे काढावा लागतो आणि बहुतेक वेळा तो दात काढावाच लागतो. दात काढायला सांगितलं की लोक घाबरतात; पण दुखरे दात गेल्यावर मांजर पुन्हा पोटभर जेवू लागतं.

मळमळीची लाळ वेगळी. मांजर सारखे ओठ चाटतं, आवंढे गिळतं, अन्नाचा वास आला की तोंड फिरवतं. गाडीत असं झालं तर प्रवास संपल्यावर थांबतं. म्हाताऱ्या मांजराला घरीच होत असेल आणि ते पाणीही जास्त पीत असेल, तर मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या.

कडू औषधानंतर येणारा फेस थोड्या वेळात ओसरतो. विषबाधेची लाळ ओसरत नाही. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, पण मांजराचं यकृत ते पुरेसं मोडू शकत नाही. काही तासांत लाळ सुटते, कान आणि कातडी फडफडते, मग अंग थरथरतं आणि झटके येतात. औषध अंगावर लागलेलं असेल आणि झटके नसतील, तर कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण वापरून ते धुवा. पाणी गरम नको, त्याने औषध जास्त शोषलं जातं. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. औषधाचं पाकीट सोबत घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा.

आणि लस न घेतलेलं, बाहेर फिरणारं मांजर लाळ गाळत विचित्र वागत असेल, तर रेबीजची शक्यता धरा आणि त्याच्या तोंडात हात मुळीच घालू नका.