दाखल्यावर सुनंदा, आधारवर सुनिता

पेन्शनचा अर्ज भरताना असा फरक नेमका नडतो. मग नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचं. त्यात दोन्ही नावं मधल्या नावासह, त्या-त्या कागदावर आहेत तशीच लिहावीत आणि ती एकाच व्यक्तीची आहेत हे स्पष्ट म्हणावं. इंग्रजी स्पेलिंगही अक्षर-अक्षर ताडून पाहावं. आधार-पॅन जोडणी बहुधा तिथेच अडते.

वर्तमानपत्रातली जाहीर सूचना छापून आली की नुसतं कात्रण न ठेवता पूर्ण पान जपावं, तारीख त्यावरच असते.

एवढ्यावर मात्र भागत नाही. पहिलं नावच बदलायचं असेल, तर आधारसाठी राजपत्रातली नोंद लागते, आणि आधारवर नाव सहसा दोनदाच बदलता येतं. म्हणून आधी राजपत्र, मग आधार, त्यानंतर पॅन आणि बँक.