घडी पडलेल्या फोटोची दुरुस्ती

३ बाय ४ इंचांचा कृष्णधवल फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केलेला असेल, तर ६ बाय ८ इंचांची प्रत ३०० डीपीआयने स्वच्छ छापता येते. मूळ फाइल राखून दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करावी. आधी फिकटपणा घालवावा: लेव्हल्समधली काळी आणि पांढरी टोके आलेखाच्या कडांपर्यंतच आणावीत, त्यापुढे ओढल्यास केसांतले आणि पांढऱ्या धोतरातले बारकावे बुजतात. मग घडी. गालावरची रेघ हीलिंग ब्रशने सहज मिटते. पण ती ओठांवरून किंवा पदराच्या काठावरून जात असेल, तर तोच ब्रश शेजारची छटा ओढून डाग पाडतो. तिथे लहान क्लोन ब्रश वापरून त्याच काठाचा नमुना घ्यावा. चेहरा मेणासारखा दिसू लागला, तर मूळ दाणा पुसला गेला आहे. तिथेच मागे फिरावे. पडद्यावर उजळ दिसणारा फोटो कागदावर अनेकदा गडद उतरतो, म्हणून आधी छोटी प्रत छापून पाहावी.